तरंग निघताना कॅमेरा कुठे ठेवायचा?

पत्र

मी सिंधुदुर्गातल्या एका गावच्या देवस्थान समितीचा सचिव आहे. आमच्याकडे दसऱ्याला तरंग, म्हणजे साड्या नेसवलेल्या देवाच्या उंच काठ्या, बाहेर काढतात, काहींच्या अंगात देवाचे अवसर येतात, त्यांच्यापुढे लोक गाऱ्हाणी मांडतात. गेल्या वर्षी गावातल्या एका वहिनीने मुलाबाळाबद्दल अवसराला विचारलं, त्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ कुणीतरी काढला. आधी तो गावच्या ग्रुपवर फिरला, मग यूट्यूबवर गेला. ती बाई त्यानंतर देवळात आलेली नाही. त्याच दिवशी मुंबईहून आलेल्या एका मुलाचा ड्रोन तरंगांच्या अगदी वर घिरट्या घालत होता, माझा चुलतभाऊच तो. आता समितीने ठरवलंय की फोटो, व्हिडिओ, ड्रोन सगळं बंद, आणि सूचना मी लिहायची. अध्यक्षकाकांना फलक हवाय : ‘मोबाईल दिसल्यास जप्त करण्यात येईल.’ चाकरमानी चिडतील याची मला भीती वाटते. सभामंडप त्यांच्याच वर्गणीतून झालाय. आणि ज्यांना यायला जमत नाही ते फोटोंचीच वाट बघत असतात. मी कात्रीत सापडलोय. आपण मागासलेले तर ठरणार नाही ना? सूचना लिहू कशी?

— एक सचिव

उत्तर

सचिव महाशय,

सूचनेकडे वळण्याआधी एक विचारते. गाऱ्हाणी चालू असताना तुमच्याकडे माईक कुठे असतो?

विचारण्याला कारण आहे. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. लहानपणी मी आजीच्या मागे उभी राहून गाऱ्हाणं ऐकायची तेव्हा ‘व्हय म्हाराजा’ एवढंच लांबून कळायचं. बाकीचं त्या माणसाचं आणि देवाचं. पाचसहा वर्षांपूर्वी पुन्हा गेले, तर गाऱ्हाणं घालणाऱ्या घाडींच्या हातात कॉर्डलेस माईक आणि पिंपळावर दोन कर्णे. कुणाच्या घरची जमीन, कुणाचा नवरा दारू पितो, सगळं खालच्या वाडीतल्या दुकानापर्यंत ऐकू जात होतं. तेव्हा तिथे कुणी व्हिडिओ काढलाही नसेल, पण खाजगीपण माईकनेच संपवलं होतं.

तुमच्याकडेही तसंच असेल तर फलकाआधी माईकचं बघा. सामूहिक गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या सुखासाठी, पाऊसपाण्यासाठी घातलेलं, ते माईकवर असू दे. ते सगळ्यांचंच आहे. माणसं एकेक करून पुढे यायला लागली की माईक बंद. आणि रांग अशी ठेवा की पुढचा माणूस पाचसहा हात लांब राहील. एवढं केल्याशिवाय तुम्ही कॅमेरेवाल्याला ‘इथे खाजगी गोष्टी चालतात’ असं सांगितलंत, तर तो कर्ण्याकडे बोट दाखवेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. त्या वहिनींच्या व्हिडिओत तिला सर्वांत जास्त काय जाळलं असेल, तिचा चेहरा की तिचे शब्द? मला वाटतं शब्द. नुसता मुका फोटो असता तर ‘दसऱ्याला देवळात गेली होती’ यापलीकडे त्यातून काही निघालं नसतं.

हे कळलं की बंदी कशावर घालायची हेही उलगडत जातं. तुमच्या समितीने ‘सगळं बंद’ म्हटलंय. पण दसरा हा एक अखंड प्रसंग नाही. सकाळी तरंगकाठ्यांना नव्या साड्या नेसवतात, तो फोटो काढायला कुणाची हरकत असते? आपट्याखाली सोनं लुटतात, पोरंटोरं एकमेकांच्या अंगावर पडतात, थोरांच्या पाया पडतात, तिथे कॅमेरा घरच्यासारखाच. ढोलताशे, मांडवातली पंगत, हेही तसंच. अडचण आहे ती तरंग हलायला लागल्यापासून अवसर उतरेपर्यंत. ज्याच्या अंगात अवसर येतो तो त्या वेळी स्वतःच्या ताब्यात नसतो. धोतर सुटतं, घाम, लाळ, डोळे फिरलेले. तोच माणूस दुसऱ्या दिवशी एसटी डेपोत कामाला जातो. तेव्हा त्याला ‘या व्हिडिओला होकार आहे का’ असं कुणी विचारलेलं नसतं, आणि त्या क्षणी विचारताही येत नाही. देवाचा मान हे एक कारण झालं. पण माणसाचा होकार घेता येत नाही हे कारण देव न मानणाऱ्यालाही पटतं, म्हणून सूचनेत ते आधी घाला.

कौलाचंही तेच. तांदळाचा असो की मूर्तीला लावलेल्या कळ्यांचा, कौल कसा वाचायचा हे जाणत्यांनी तिथल्या तिथे ठरवायचं असतं. एकदा त्याचं रेकॉर्डिंग हाताशी आलं की ‘कळी प्रश्न संपायच्या आधीच पडली’ म्हणून चारदा मागे-पुढे करून बघणारे निघतात आणि वर्षभर भांडण पुरतं.

इथे मात्र एक कानगोष्ट. समितीत बसून हे ठरवताना कुणाच्या मनात ‘मानपानाची भांडणं बाहेर जायला नकोत’ असा हिशेब होता का, तेवढं स्वतःशी तपासा. तरंगाला आधी हात कुणी लावायचा यावरून गावच्या मानकऱ्यांत, बारा-पाचांत, वाद झाला आणि तो कुणी टिपला, तर ते देवाचं पावित्र्य नाही, ते गावाचं राजकारण. बंदीआड तेही झाकायचं असेल तर लोकांना ते लगेच कळतं, आणि मग खऱ्या कारणावरचाही विश्वास उडतो. कुठली वेळ बंद, हे म्हणूनच कागदावर आधी ठरवा. ऐनवेळी कुणाच्या इशाऱ्यावर नको.

‘मागासलेले’ या शब्दाबद्दल फार वेळ घालवत नाही. ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा प्रचंड लाल खडक आहे. तिथल्या अनंगू लोकांनी पायथ्याशी काही जागांवर पाट्या लावल्यात. त्या पाट्यांचा सूर असा की या खडकावरच्या खुणा आमच्यासाठी धर्मग्रंथासारख्या आहेत, त्या इथे येऊनच पाहायच्या, म्हणून कृपया या भागाचं चित्रण करू नका. गंमत म्हणजे जिथे ती जागा सुरू होते तिथेही पाटी आणि जिथे संपते तिथेही पाटी. मधला पट्टा सोडला की हवे तेवढे फोटो काढा. जगभरचे पर्यटक येतात आणि बहुतेक मंडळी कॅमेरा खाली करतात. याउलट केदारनाथला 2023च्या जुलैत रील्सवरून गदारोळ झाल्यावर मंदिर समितीने फलक लावले : मोबाईल घेऊन आत येऊ नका, चित्रणाला पूर्ण मनाई, तुमच्यावर सीसीटीव्हीची नजर आहे. तिथली गर्दी बघता त्यांना तसं करावं लागलं असेल, त्यांना दोष देत नाही. पण तुमच्या गावात येणारा प्रत्येकजण कुणाचा तरी भाचा असतो. त्याला सीसीटीव्हीची भाषा कशाला?

उलुरूच्या पाटीतलं मी उचलीन ते ‘इथून इथपर्यंत’. तुमच्याकडे ते जागेतही हवं आणि वेळेतही. जागेसाठी : तुळशीवृंदावनापासून देवळाच्या पायरीपर्यंत रांगोळीची किंवा चुन्याची एक रेघ. वेळेसाठी घड्याळ चालत नाही, कारण देव ठरल्या वेळेला बाहेर येत नाहीत. म्हणून आवाजाची खूण घ्या. तरंग उचलताना मोठी घंटा तीनदा, अवसर उतरल्यावर पुन्हा तीनदा. पहिल्या घंटेनंतर मोबाईल खिशात, दुसऱ्या घंटेनंतर मोकळे. यात वादाला जागा उरत नाही, आणि मोबाईल घरी ठेवून या असं कुणालाच सांगावं लागत नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन आलेला मुलगा फोन घरी ठेवणार नाहीच.

काकांच्या ‘जप्त’ला मात्र स्पष्ट नाही म्हणा. समितीला कुणाचाही फोन जप्त करायचा अधिकार नाही, बळजबरीने त्यातलं काही पुसायचाही नाही. उद्या कुणी हिसकाहिसकीत फोन फुटला म्हणून पोलीस ठाण्यात गेला तर समितीच अडचणीत येईल, त्याचं काही बिघडणार नाही. फार तर ज्याला हवं त्याने फोन ठेवावा म्हणून नंबरचे बिल्ले देऊन एक टेबल लावा. काकांना हे तुम्ही थेट सांगू नका, गावातल्या एखाद्या वकिलाकडून त्यांच्या कानावर जाऊ दे. सचिवाने सांगितलं तर तो विरोध वाटतो.

आता ड्रोन. इथे तुमच्या समितीचा एक गैरसमज असणार, बहुतेक समित्यांचा असतो, की आमच्या देवळावरचं आकाश आमचं. तसं नाही. 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाचा नकाशा लाल, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांत विभागलाय. हिरव्या पट्ट्यात साधारण 400 फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. तुमचं गाव चिपी विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे परवानगीशिवाय ड्रोन जमिनीवरून उचलायचाच नाही. 8 ते 12 किलोमीटरमध्ये असाल तर 200 फुटांपर्यंत मोकळीक. आपलं गाव कशात येतं ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघून घ्या.

म्हणजे ‘ड्रोनला कायद्याने बंदी आहे’ असं सूचनेत लिहू नका, ते खरं नसेल आणि तुमचा चुलतभाऊच ते खोडून काढेल. तुमच्या हातात आहे ती जमीन. देवस्थानच्या जागेतून ड्रोन उडवू किंवा उतरवू द्यायचा नाही, हे समिती ठरवू शकते. आजूबाजूच्या चारपाच बागायतदारांना भेटून त्यांच्याकडूनही तेवढंच वचन घ्या. ड्रोनवाल्याला उभं राहायला मोकळी जागा लागते, माडापोफळीत तो उडवत नाही. गावात अशा जागा किती असतात? शाळेचं मैदान, एखादा मळा, पाणंदीच्या तोंडाशी गाड्या लावायची जागा. तेवढ्या जमिनी सांगून ठेवल्या की निम्मं काम झालं.

यापलीकडे खरी बंदी हवी असेल तर ती पोलिसांकरवी. नियमांत तात्पुरता लाल पट्टा जाहीर करायची सोय आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एका वेळी जास्तीत जास्त 96 तासांसाठी तो करू शकतो, आणि तो नकाशावर दिसतो. मोठ्या जत्रांना जिल्हा प्रशासन मनाई आदेशही काढतं. तुमच्या गावच्या दसऱ्यासाठी अधीक्षक ते करतीलच असं नाही. तरी महिनाभर आधी तुमच्या ठाण्यात एक अर्ज द्या, त्यात मिरवणुकीचा मार्ग, अंदाजे किती माणसं, आणि गेल्या वर्षी काय झालं ते लिहा. बंदी मिळाली नाही तरी बंदोबस्ताला येणाऱ्या हवालदाराला विषय माहीत असेल.

ड्रोनला नकार देण्याची कारणं पावित्र्यापेक्षा जास्त रोकडी आहेत आणि ती सांगायला लाजू नका. तरंगकाठी उंच, वरून साड्यांचा घोळ, धरणारा घुमत असतो. ती कधी कुठे झुकेल हे त्यालाही माहीत नसतं. पात्याला साडीचं टोक लागलं की ड्रोन दगडासारखा खाली येतो आणि खाली अनवाणी गर्दी. दुसरं, देवळाभोवतीच्या वडापिंपळावर आग्या मोहोळ आहे का ते बघा. पात्यांच्या घरघरीने आणि वाऱ्याने आग्या माश्या उठल्या तर पळायला जागा नसते, आणि दसऱ्याच्या गर्दीत म्हातारीकोतारी असतात. ज्या गावात एकदा मोहोळ उठलंय तिथे हे एकच कारण पुरतं, पावित्र्याचं नावही काढावं लागत नाही. तिसरं आवाजाचं. अवसर काय बोलतो हे ऐकायला लोक कान टवकारून उभे असतात आणि डोक्यावर ती घूं घूं.

ड्रोन आलाच तर काय करायचं हेही स्वयंसेवकांना आधी सांगून ठेवा. दगड मारायचा नाही, काठी उगारायची नाही, पाडलेला ड्रोन उडणाऱ्यापेक्षा धोक्याचा. वर बघत बसू नका, उडवणारा शोधा. तो दूर नसतो, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागी हातातल्या पडद्याकडे बघत उभा असतो. सापडला नाही तर ड्रोन परत कुठल्या दिशेला जातो ते बघा, बॅटरी संपत आली की तो जिथून उठला तिथेच जातो, आणि साधारण अर्ध्या तासात ती संपतेच. भेटला की एवढंच म्हणायचं : ‘भाऊ, गर्दीवरून बाजूला घेऊन उतरव, मग बोलूया.’ त्याच्या हातातला रिमोट ओढायचा नाही. नाही ऐकलं तर 112.

आता पर्याय. खरं तर तुमची सूचना टिकेल की नाही ते यावरच ठरणार. ‘समितीतर्फे अधिकृत छायाचित्रण करण्यात येईल’ हे वाक्य मी अनेक फलकांवर वाचलंय. ते फोटो पुढे कुणाला मिळालेले मी पाहिले नाहीत. समितीच्या कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये असतात, तो लॅपटॉप ठाण्याला असतो. पहिल्या वर्षी लोक तुमच्यावर विश्वास ठेवून मोबाईल खिशात ठेवतील. त्या रात्री त्यांना काही मिळालं नाही, तर दुसऱ्या वर्षी घंटा वाजली तरी मोबाईल बाहेर.

म्हणून कबूल थोडं करा, पण तारीख-वेळेसह. मी हे असं मांडेन. त्याच रात्री दहाच्या आत बारा फोटो गावच्या आणि मुंबई मंडळाच्या ग्रुपवर. पाचव्या दिवशी वीसेक मिनिटांची चित्रफीत, तरंग सजवण्यापासून सोनं लुटेपर्यंत. त्यात अवसराचं दृश्य असलंच तर लांबून, पाठमोरं, आणि त्या भागाला आवाज ढोलाचा, बोलण्याचा नाही. वैयक्तिक गाऱ्हाणं अजिबात नाही, समितीकडेसुद्धा त्याचं चित्रण राहणार नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ‘लोकांनी काढायचं नाही पण समितीकडे असेल’ म्हटलंत तर उद्या समितीतल्याच कुणाच्या फोनमधून ते बाहेर येईल आणि मग कुणाकडे जाल?

थेट प्रक्षेपणाचा मोह होईल, मुंबईची मंडळी मागतीलही. आपल्याकडे दसऱ्याला सगळे गावी आलेले असताना मोबाईलचं नेटवर्क कसं रांगतं ते तुम्हीच जाणता. पहिल्या वर्षी नको. करायचंच झालं तर एकच कॅमेरा, तिवईवर पक्का, सभामंडपाच्या मागच्या खांबाशी, आणि पहिल्या घंटेला तो गाभाऱ्यातल्या समईच्या स्थिर चित्रावर न्यायचा, आवाज बंद. हे करणारा माणूस दुसरं काहीही करणार नाही, प्रसादसुद्धा वाटणार नाही, एवढी शिस्त असेल तरच.

आणि हे काम कुणाला द्यायचं? तुमच्या चुलतभावाला. हसू नका. ज्याला चित्रणाची एवढी हौस आहे त्याला बाहेर ठेवलंत तर तो रेघेच्या पलीकडून लांबच्या लेन्सने काढेल. आत घेतलंत तर रेघ तोच राखेल. आदल्या दिवशी सकाळी, मैदान रिकामं असताना, त्याला गावाची, देवराईची, नदीची ड्रोनची दृश्यं घेऊ द्या. मोहोळाच्या झाडापासून लांब आणि नकाशा परवानगी देत असेल तर. चित्रफितीची सुरुवात त्याने होईल आणि आईबाप पोराचं नाव वाचतील. फक्त एक कागदावर लिहून घ्या. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन कुणाकडून फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसताना हक्क काढून घेणाऱ्याचा, पण घरचा म्हणून फुकट काढले तर हक्क काढणाऱ्याचाच राहतो. भावाने पुढे ते कुठल्या चॅनेलला दिले तर तुम्ही काही बोलू शकणार नाही. म्हणून अर्ध्या पानाचा लेखी करार करा, त्यात हक्क समितीकडे दिल्याचं त्याच्या सहीने लिहून घ्या, आणि नारळासोबत रीतसर मानधन द्या.

सूचना मी अशी लिहीन. तुमच्या क्रमाप्रमाणे बदला.

*ग्रामस्थ, चाकरमानी आणि पाहुणे मंडळींस सप्रेम नमस्कार.*

*दसऱ्याला तरंग निघाल्यापासून अवसर उतरेपर्यंत अंगणातल्या पांढऱ्या रेघेच्या आत कुणीही फोटो, व्हिडिओ किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग करू नये, ही विनंती. सुरुवातीला आणि शेवटी घंटा तीन वेळा वाजेल. त्याआधी आणि त्यानंतर, तसंच तरंग सजवताना आणि सोनं लुटताना, आपण आनंदाने फोटो काढावेत.*

*या वेळी माणसं आपल्या घरची सुखदुःखं देवापुढे मांडतात. ती त्यांची आणि देवाची गोष्ट आहे. ज्यांच्या अंगी अवसर येतो त्यांचा होकार त्या क्षणी घेता येत नाही.*

*उंच तरंगकाठ्या, दाट गर्दी आणि झाडावरचं मोहोळ यांमुळे ड्रोन धोक्याचा आहे. देवस्थानच्या जागेतून तो उडवायला परवानगी नाही.*

*आपल्यासाठी समितीने छायाचित्रकार नेमले आहेत. निवडक फोटो त्याच रात्री दहापर्यंत आणि चित्रफीत पाचव्या दिवशी सर्वांना मोफत मिळेल. वैयक्तिक गाऱ्हाण्यांचं चित्रण समितीही करणार नाही. आपल्या कुटुंबाचा खास फोटो हवा असल्यास दुसऱ्या घंटेनंतर तुळशीपाशी छायाचित्रकारांना भेटावं.*

*हा नियम समितीच्या सदस्यांना आणि मानकऱ्यांनाही लागू आहे.*

शेवटची ओळ काकांना आवडणार नाही, ती गाळू नका. फलकाला पहिली परीक्षा अध्यक्षांचा नातू देतो, बाहेरचा माणूस नाही. आणि ‘मोहोळ’ हा शब्द खरंच मोहोळ असेल तरच ठेवा. नसेल तर काढून टाका, कारण पोरं वर बघून खात्री करतात.

फलक लावायचा तो कमानीवर नको, तिथे कुणी वाचत नाही. चपला काढतात तिथे, डोळ्यांच्या उंचीवर. त्याहून आधी, गणपतीला चाकरमानी येतात तेव्हाच मंडळाच्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि त्यांना विचारा, तुम्हाला रात्रीच्या बारा फोटोंत काय हवं? वर्गणी देणाऱ्याला निर्णय झाल्यावर फलकातून कळणं लागतं. आधी विचारलं तर तोच पुतण्याला गप्प करतो. आणि घंटेच्या आधी कर्ण्यावरून एवढं पुरे, आपल्या भाषेत : ‘मंडळींनू, आता तरंगा भायर येतत. मोबाईल खिशात ठेवा. फोटो आपलोच माणूस काढता, ते रात्री सगळ्यांका गावतले.’ हे सांगायला आवाज एखाद्या वयस्कर बाईचा घ्या. माझ्या अनुभवात पोरं समितीला उलटून बोलतात, काकीला नाही.

राहिल्या त्या वहिनी. यूट्यूबवरचा तो व्हिडिओ अजून असेल तर तो उतरवायचं काम दसऱ्याआधी व्हायला हवं. ज्या मुलाने टाकला तो सापडला तर त्याच्या घरी जा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर यूट्यूबकडे खाजगीपणाची तक्रार करता येते, पण ती ज्याचं चित्र आहे त्याने स्वतः करायची असते, समितीला त्यांच्या वतीने करता येणार नाही. व्हिडिओचा पत्ता, त्या कितव्या मिनिटाला दिसतात, कुठल्या साडीत, एवढं लिहून ठेवा आणि तुमच्या घरातल्या कुणा बाईला त्यांच्यासोबत बसवा. तो व्हिडिओ पुन्हा त्यांना बघायला लावू नका. ग्रुपवर ज्यांच्याकडे असेल त्यांना पुसायला सांगताना त्यांचं नाव घेऊ नका, ‘गेल्या दसऱ्याचे अवसराचे सगळे व्हिडिओ’ असं म्हणा.

आणि सूचनेचा मसुदा बारा-पाचांच्या बैठकीत जाण्याआधी तुमच्या पत्नीच्या किंवा आईच्या हाती त्यांच्याकडे पाठवा. दुसऱ्या परिच्छेदातले शब्द त्यांना खटकले तर बदला. छापखान्यात त्यानंतरच द्या.

तुमची,
सदरलेखिका